सांध्यावर फंक्शन कसं तपासायचं: आधी सातत्य, मग चढ

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघालं की रस्ता चढतो, माथ्यावर येतो आणि पलीकडे उतरायला लागतो. अशाच एका माथ्याचा उभा छेद कागदावर काढायचा आहे असं धरू. आडवं अंतर x आणि उंची f(x), दोन्ही मीटरमध्ये. पुढचे आकडे कुठल्या खऱ्या घाटाचे नाहीत, हिशोब हाताने जमावा म्हणून घेतले आहेत. रस्ता चार टक्क्यांनी चढत येतो, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की चार मीटर वर. मग १२० मीटर लांबीचा गोलसर माथा, तो पॅराबोलाचा. त्यानंतर दोन टक्क्यांचा सरळ उतार.

```
f(x) = 0.04x                 x < 0 असताना
f(x) = 0.04x − 0.00025x²     0 ≤ x ≤ 120 असताना
f(x) = −0.02x + s            x > 120 असताना
```

तीन तुकडे आणि दोन सांधे, x = 0 आणि x = 120. प्रश्न असा की दुसऱ्या सांध्यावर फंक्शन डिफरन्शिएबल व्हावं यासाठी s किती घ्यायचा?

अकरावी-बारावीच्या बऱ्याच वह्यांमध्ये याचं उत्तर असं सापडतं. मधल्या तुकड्याचा डेरिव्हेटिव्ह 0.04 − 0.0005x, त्यात १२० घातले की −0.02. शेवटच्या तुकड्याचा डेरिव्हेटिव्ह −0.02. दोन्ही सारखे आले, म्हणून फंक्शन x = 120 ला डिफरन्शिएबल आहे, आणि s काहीही चालेल. मग सोयीसाठी s = 0.

आता हाच रस्ता बांधून बघू. मधल्या तुकड्यावरून १२० मीटरला पोचलो की उंची 0.04 × 120 − 0.00025 × 14400, म्हणजे 4.8 − 3.6 = 1.2 मीटर. त्याच जागी शेवटचा तुकडा सुरू होतो −0.02 × 120 = −2.4 मीटरपासून. एकाच ठिकाणी दोन उंच्या, आणि त्यांत ३.६ मीटरचा फरक. गाडी सरळ कड्यावरून खाली जाईल. उतार मात्र दोन्हीकडे अगदी तंतोतंत दोन टक्के!

चूक आकडेमोडीत नाही. चूक अशी की डेरिव्हेटिव्ह काढताना s गळून जातो. स्थिर संख्येचा डेरिव्हेटिव्ह शून्य, त्यामुळे s = 0 असो की s = 500, सूत्राचा चढ तोच राहतो. तुकड्याचा चढ पाहून तो तुकडा किती उंचीवर बसला आहे हे कळायला मार्गच नाही. म्हणून सांध्यावर चढ जुळवण्याआधी उंची जुळवावी लागते, आणि हा क्रम उलटा केला की उत्तर हमखास फसतं.

व्याख्येत ही गोष्ट नेमकी कुठे बसली आहे

c या सांध्यावरचा डेरिव्हेटिव्ह म्हणजे हे लिमिट, h शून्याकडे जाताना:

```
[ f(c + h) − f(c) ] / h
```

यातल्या f(c) कडे नीट पाहा. उजवीकडून येताना f(c + h) उजव्या तुकड्याच्या सूत्रातून येतो, पण f(c) मात्र बरोबरीचं चिन्ह ज्या तुकड्याकडे आहे त्याच सूत्रातून. सूत्र सरळ डिफरन्शिएट करणारा विद्यार्थी नकळत f(c) सुद्धा उजव्याच सूत्रातून घेतो. दोन्ही सूत्रं c ला एकच किंमत देत असतील तर यात काही बिघडत नाही. देत नसतील तर तो भलत्याच फंक्शनचा डेरिव्हेटिव्ह काढतोय.

छोटं उदाहरण घेऊ. x ≤ 1 असताना f(x) = x² + 1 आणि x > 1 असताना f(x) = 2x + 3. डावीकडच्या सूत्राचा डेरिव्हेटिव्ह 2x, x = 1 ला २. उजवीकडच्या सूत्राचाही २. पण f(1) येतो डाव्या सूत्रातून, कारण बरोबरी तिकडे आहे: f(1) = 2. उजवीकडचा भागाकार मांडू:

```
[ 2(1 + h) + 3 − 2 ] / h = (3 + 2h) / h = 3/h + 2
```

h = 0.1 घेतला तर किंमत ३२, h = 0.01 ला ३०२, h = 0.001 ला ३००२. लिमिट २ वर थांबण्याचं नावच घेत नाही, आकडा वाढतच जातो. 3/h या पदातला ३ म्हणजे सांध्यावरची उडी: उजवीकडून उंची ५ कडे येते, प्रत्यक्ष किंमत २. उडी कितीही लहान असो, तिला शून्याकडे जाणाऱ्या h ने भागलं की भागाकार हाताबाहेर जातो. उडी अगदी 0.001 असली तरी h = 0.000001 ला ते पद १००० होतं. फंक्शन सलग नसेल तर ते डिफरन्शिएबल नसतंच, या प्रमेयाचा सगळा जीव या एका पदात आहे.

त्यातून कामाची सवय अशी निघते: सांध्यावर सातत्य तुटलं असेल तर तिथेच थांबायचं आणि "डिफरन्शिएबल नाही" असं लिहून टाकायचं. चढ काढायचे कष्ट घेऊ नयेत, कारण काढलेले चढ सारखे आले तर ते फक्त गोंधळ वाढवतात.

सातत्यासाठी तीन आकडे, दोन नाहीत

सातत्य तपासताना डावं लिमिट, उजवं लिमिट आणि प्रत्यक्ष किंमत f(c), हे तिन्ही आकडे स्वतंत्रपणे काढून एकमेकांशी जुळवायचे. बरोबरीचं चिन्ह एखाद्या तुकड्याकडे असतं तेव्हा त्या बाजूचं लिमिट आणि f(c) बहुधा आपोआप एक येतात, म्हणून तिसरा आकडा विसरायची सवय लागते. ती सवय अशा फंक्शनवर नडते:

```
f(x) = (x² − 9)/(x − 3)      x ≠ 3 असताना
f(x) = 5                     x = 3 असताना
```

x तीन नसताना वरचं सूत्र सरळ x + 3 होतं, म्हणून डावं लिमिट ६, उजवं लिमिट ६. दोन्ही जुळले म्हणून पुष्कळ जण इथेच "सलग" असा शेरा मारतात. पण f(3) = 5. तिसरा आकडा जुळत नाही, फंक्शन सलग नाही. आलेख काढला तर एका सरळ रेषेतून एकच ठिपका निसटून एक एकक खाली पडलेला दिसेल.

याच फंक्शनवर आणखी एक गंमत घडते. "x = 3 ला फंक्शन ५ आहे, पाच स्थिर आहे, म्हणून f′(3) = 0" असं लिहिलेलं पाहायला मिळतं. डेरिव्हेटिव्हला शेजार लागतो. एका ठिपक्यापुरती दिलेली किंमत ही स्थिर फंक्शन नव्हे, कारण त्या ठिपक्याच्या डावी-उजवीकडे कुठेही f पाच राहत नाही, भलतंच सूत्र चालू असतं. भागाकार मांडा: (3 + h + 3 − 5)/h = (1 + h)/h = 1/h + 1. पुन्हा तेच, उडी भागिले h. यावेळी उडी १ ची.

आणखी एक खबरदारी. सांधा सोडून इतर ठिकाणी प्रत्येक तुकडा स्वतः धड आहे ना, हे एकदा नजरेखालून घालावं. बहुपदी, साइन-कोसाइन, घातांकी सूत्रं असतील तर प्रश्न येत नाही. पण छेदात x − 2 असेल आणि तो तुकडा x = 2 ला झाकत असेल तर सांध्याची तपासणी कितीही बिनचूक केली तरी "सर्वत्र सलग" असं म्हणता येणार नाही.

घाटरस्ता शेवटापर्यंत सोडवू

आता सुरुवातीचा प्रश्न योग्य क्रमाने करू, आणि मधल्या तुकड्याचे गुणकही आपल्याला माहीत नाहीत असं धरू. तो तुकडा px² + qx + r. चढाची आणि उताराची टक्केवारी व गोलव्याची लांबी तेवढी ठाऊक आहे. अज्ञात चार: p, q, r आणि s. सांधे दोन, प्रत्येकावर उंचीची एक अट आणि चढाची एक अट, म्हणजे अटी चार. हा मेळ आधी मोजून घ्यावा. उंचीच्या अटी गाळल्या तर हातात दोनच समीकरणं राहतात आणि अज्ञात चार, म्हणजे काहीतरी सुटलंय हे तिथेच कळतं.

x = 0 ला उंची: डावीकडून 0.04x चं लिमिट ०, उजवीकडून r. म्हणून r = 0.

x = 0 ला चढ: डावीकडून 0.04, उजवीकडून 2p × 0 + q. म्हणून q = 0.04.

x = 120 ला चढ: 240p + 0.04 = −0.02. म्हणून 240p = −0.06 आणि p = −0.00025. ऋण आला ते ठीकच, माथा आहे तर पॅराबोला खाली वळणारच. इथे धन चिन्ह आलं असतं तर कुठेतरी उणे-अधिक गडबडलंय हे ओळखायला हवं.

x = 120 ला उंची: डावीकडून 1.2, उजवीकडून −2.4 + s. म्हणून s = 3.6.

तो ३.६ मीटरचा कडा आठवा, s ची किंमत नेमकी तेवढीच आली. इथे कुणी म्हणेल की 120 ला आपण चढ आधी लिहिला आणि उंची नंतर, मग क्रमाचं काय? समीकरणं सोडवताना क्रम सोयीचा असू शकतो, कारण तिथे आपण सगळ्याच अटी एकदम लादतोय. पण दिलेलं फंक्शन तपासायचं असेल तेव्हा, आणि सोडवून झाल्यावर ताळा करताना, आधी उंची. s = 3.6 ठेवून x = 120 ला −2.4 + 3.6 = 1.2, डावीकडे 1.2, f(120) सुद्धा 1.2. तिन्ही जुळले. आता चढ, −0.02 आणि −0.02. झालं.

रस्त्याचा सर्वांत उंच बिंदू कुठे? 0.04 − 0.0005x = 0, म्हणजे x = 80, आणि उंची 3.2 − 1.6 = 1.6 मीटर. माथा गोलव्याच्या मधोमध, ६० मीटरवर, नाही आला. चढ उतारापेक्षा जास्त तीव्र आहे, म्हणून माथा उताराच्या बाजूला सरकला.

गोलवा काढून टाकला तर

आता मधला पॅराबोला काढून दोन सरळ रेषा थेट भिडवू. 0.04x = −0.02x + 3.6 सोडवलं की x = 60, उंची 2.4. म्हणजे x ≤ 60 असताना 0.04x, आणि x > 60 असताना −0.02x + 3.6. डावं लिमिट 2.4, उजवं 2.4, f(60) = 2.4. फंक्शन सलग आहे, कडा नाही. पण डावा चढ 0.04, उजवा −0.02. माथ्यावर टोक आलं, म्हणून x = 60 ला फंक्शन डिफरन्शिएबल नाही. गोलवा घालून आपण हेच टोक छाटलं होतं: पॅराबोलाची x = 60 ला उंची 2.4 − 0.9 = 1.5, म्हणजे टोकाच्या ०.९ मीटर खालून रस्ता गेला.

सलग असूनही डिफरन्शिएबल नसण्याचं परीक्षेतलं नेहमीचं रूप म्हणजे निरपेक्ष किंमत. |x − 3| हे दिसायला एकच सूत्र, पण आतून दोन तुकडे: x < 3 असताना 3 − x, बाकी ठिकाणी x − 3. उभ्या दोन रेघा दिसल्या की आधी तुकडे पाडून लिहावेत, नाहीतर सांधा कुठे आहे तेच लक्षात येत नाही.

डावीकडचा भागाकार करताना इथे एक उणे चिन्ह फार वेळा हरवतं. h धन ठेवून डावीकडे जायचं तर बिंदू 3 − h, आणि छेदात (3 − h) − 3 = −h येतो:

```
[ f(3 − h) − f(3) ] / (−h) = (h − 0) / (−h) = −1
```

उजवीकडून (h − 0)/h = 1. दोन चढ, −१ आणि १. छेदातला उणे विसरला तर दोन्हीकडे १ येतो आणि |x − 3| हे फंक्शन ३ ला डिफरन्शिएबल ठरतं! टोक डोळ्यांना दिसत असताना वही सांगते ते नाही, असं झालं की आधी हा उणे शोधावा. चुकायचंच नसेल तर h ऋण घेऊन मूळचा [f(c + h) − f(c)]/h हाच भागाकार वापरायचा, वेगळं सूत्र पाठ करायची गरजच नाही. h ऋण असताना f(3 + h) = −h, भागिले h, उत्तर −1.

a आणि b काढायचा प्रश्न

परीक्षेत हा विषय बहुतेकदा या वेशात येतो. x ≤ 2 असताना f(x) = ax² + bx, आणि x > 2 असताना f(x) = x³ − 4. f हे x = 2 ला डिफरन्शिएबल आहे, तर a, b काढा.

प्रश्नात "सलग" हा शब्दसुद्धा नाही. तरीही डिफरन्शिएबल म्हटल्यावर सातत्य त्यातच आलं, आणि पहिलं समीकरण तिथून मिळतं. डावं लिमिट आणि f(2) दोन्ही 4a + 2b, उजवं लिमिट 8 − 4 = 4. म्हणून 4a + 2b = 4.

चढ: डावीकडून 2ax + b, x = 2 ला 4a + b. उजवीकडून 3x² म्हणजे १२. म्हणून 4a + b = 12.

पहिल्यातून दुसरं वजा केलं की b = −8, मग a = 5. ताळा: 20 − 16 = 4, उंची जुळली. 20 − 8 = 12, चढ जुळला.

ज्यांनी फक्त चढाची अट घेतली त्यांच्याकडे 4a + b = 12 एवढंच उरतं. मग पर्यायांतल्या जोड्या त्यात घालून पाहणं सुरू होतं. a = 2, b = 4 ही जोडी त्यात चपखल बसते, आणि पेपर काढणारा ती पर्यायांत मुद्दाम ठेवू शकतो. तिने उंची होते 8 + 8 = 16, पलीकडे ४. बारा एककांची उडी.

सीईटीला गणिताचे ५० प्रश्न आणि वेळ ९० मिनिटं, त्यामुळे तिथे व्याख्येपासून भागाकार मांडत बसणं कुणालाच परवडत नाही. सूत्रांचे डेरिव्हेटिव्ह थेट काढून जुळवणं तिथे योग्यच. फक्त त्याआधी पंधरा सेकंद उंचीला द्यावेत. लेखी पेपरात मात्र "डेरिव्हेटिव्ह सारखे, म्हणून डिफरन्शिएबल" या वाक्याच्या आधी "f हे c ला सलग आहे" ही ओळ आणि तिचे तीन आकडे दिसलेच पाहिजेत, कारण त्या ओळीशिवाय पुढचं वाक्य खोटं ठरू शकतं.

हा जवळचा रस्ता कधी चालतो आणि कधी नाही

सूत्राचा डेरिव्हेटिव्ह काढून त्यात c घालायचा, हे आपण बिनदिक्कत करतोय. त्यामागे नेमकं प्रमेय आहे. f हे c ला सलग असेल, c च्या आजूबाजूला दोन्हीकडे डिफरन्शिएबल असेल, आणि x हा c कडे जाताना f′(x) चं डावं आणि उजवं लिमिट एकाच आकड्यावर येत असेल, तर f′(c) अस्तित्वात असतो आणि तोच आकडा असतो. हे मीन व्हॅल्यू थिअरममधून येतं: c आणि c + h यांच्या मधला भागाकार हा त्या दोघांच्या मधल्या कुठल्यातरी बिंदूवरच्या f′ इतका असतो, आणि h लहान होत गेला की तो मधला बिंदूही c कडेच ढकलला जातो. थिअरमला टोकांपर्यंत सातत्य लागतं. म्हणूनच सातत्याची अट गाळता येत नाही.

डावं आणि उजवं लिमिट दोन वेगळ्या आकड्यांवर आलं तरी निकाल लागतो: टोक आहे, डिफरन्शिएबल नाही. अडचण येते ती f′(x) चं लिमिटच नसेल तेव्हा. तेव्हा हा रस्ता काहीच सांगत नाही, "नाही" असंसुद्धा नाही. नेहमीचं उदाहरण:

```
f(x) = x² sin(1/x)     x ≠ 0 असताना
f(x) = 0               x = 0 असताना
```

साइन −1 आणि 1 च्या मध्येच राहतो, म्हणून f(x) हा −x² आणि x² च्या मध्ये अडकलेला. दोन्ही शून्याकडे जातात, f सलग आहे. सूत्राचा डेरिव्हेटिव्ह 2x sin(1/x) − cos(1/x). पहिलं पद शून्याकडे जातं, पण cos(1/x) हा x शून्याजवळ येताना −1 आणि 1 मध्ये न थांबता हेलकावे खात राहतो. लिमिट नाही. इथे "म्हणून डिफरन्शिएबल नाही" असं लिहिलं की उत्तर चुकलं. व्याख्येकडे परत जायचं:

```
[ h² sin(1/h) − 0 ] / h = h sin(1/h)
```

हा −|h| आणि |h| च्या मध्ये, म्हणून लिमिट ०. f′(0) = 0, फंक्शन शून्याला डिफरन्शिएबल आहे. x² च्या जागी नुसता x ठेवला तर सातत्य तसंच राहतं, पण भागाकार sin(1/h) एवढाच उरतो. h = 1/(2nπ) घेतला की तो ०, आणि h = 1/(2nπ + π/2) घेतला की १, n कितीही मोठा असो. दोन वाटांनी दोन उत्तरं, लिमिट नाही, डेरिव्हेटिव्ह नाही. त्यामुळे 1/x साइनच्या पोटात दिसला की सूत्र डिफरन्शिएट करायच्या भानगडीत न पडता सरळ भागाकार मांडलेला बरा.

दुसरा डेरिव्हेटिव्हही त्याच पद्धतीने

आपल्या रस्त्याचा f′ हेही तुकड्यांचंच फंक्शन आहे: आधी 0.04, मग 0.04 − 0.0005x, मग −0.02. x = 0 ला तो सलग आहे, दोन्हीकडे 0.04. त्याचा चढ मात्र डावीकडे ० आणि उजवीकडे −0.0005. म्हणजे f ला सांध्यावर डेरिव्हेटिव्ह आहे, दुसरा डेरिव्हेटिव्ह नाही. x = 120 लाही तसंच. रस्त्याला कडा नाही, टोक नाही, पण वळण्याचा वेग शून्यावरून एकदम −0.0005 होतो.

माथ्यावर एवढं चालवून घेतात आणि साधा पॅराबोला वापरतात. तिथे गोलव्यामुळे येणारं बल गाडीच्या वजनाच्या उलट दिशेला असतं. खोलगट भागात, म्हणजे उतार संपून चढ लागतो तिथे, ते बल वजनात मिळतं आणि धक्का जास्त जाणवतो. म्हणून तिथे रस्ते-बांधणीच्या पुस्तकांत घन पॅराबोला येतो. येणारा उतार −nx असेल तर सांध्यानंतरचा तुकडा −nx + kx³ असा. x = 0 ला उंची दोन्हीकडे ०, चढ −n + 3kx² म्हणजे दोन्हीकडे −n, आणि दुसरा डेरिव्हेटिव्ह उजवीकडे 6kx, जो x = 0 ला शून्य होतो. डावीकडे सरळ रेषा, तिथेही शून्य. तिसऱ्या डेरिव्हेटिव्हला पोचल्यावर उडी लागते: डावीकडे ०, उजवीकडे 6k.